हुरड्याचं आमंत्रण

(परतूर येथील शरद व्याख्यानमालेतील व्याख्यान)

माझा एक मित्र पुण्यात भाड्याच्या वन बीएचकेत राहतो. करार अकरा महिन्यांचा, भिंतीत खिळा ठोकायची परवानगी नाही. पसाऱ्याचा त्याला मनापासून तिटकारा. अशा माणसाला भिंतीवरचं घड्याळ, फ्रेम किंवा डिनर सेट दिला, तर ते खोकं माळ्यावर जातं आणि घर बदलताना टेम्पोत चढतं. देणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून टाकताही येत नाही.

सिंडी चॅन आणि कॅसी मोगिलनर या दोन अभ्यासकांनी 2017 साली भेटवस्तूंवर संशोधन प्रसिद्ध केलं. वस्तूपेक्षा अनुभवाची भेट नातं अधिक घट्ट करते, आणि देणारा त्या वेळी सोबत नसला तरीही करते, असं त्यांना आढळलं. अनुभव घेताना मनात ज्या भावना उसळतात, त्यांचा हा परिणाम. आपल्या मराठवाड्यात ही रीत हुरड्याच्या रूपाने आधीपासून आहेच. म्हणून मित्राच्या वाढदिवसाला मी हुरडा दिला.

पण नुसतं ‘एकदा हुरड्याला ये’ म्हणणं ही भेट नव्हे. असली आमंत्रणं हवेतच विरतात. ज्वारी पेरल्यावर साधारण तीन महिन्यांनी दाणा हुरड्याला येतो, आणि एका वावरात ती अवस्था जेमतेम आठवडाभर टिकते. कणसातला दाणा नखाने दाबून बघायचा. पांढरं पाणी आलं तर अजून अवकाश आहे. मऊ चीक आला तर हीच वेळ. नख रुतलंच नाही, तर हुरडा गेला. मित्राला सुट्टी मिळेल तो रविवार या आठवड्यात बसवायचा, हीच खरी कसरत. म्हणून आमच्याकडे एक पट्टा दहा दिवस उशिरा पेरला होता.

तो आला. आगटीत गोवऱ्यांचे निखारे, त्यात खुपसलेली कणसं. गरम कणीस तळहातावर चोळलं की हिरवा दाणा सुटतो. फुंकर मारून कूस उडवायची आणि दाणा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचा. हात पोळतात, पण त्याशिवाय मजा नाही.

या प्रकारालाही मर्यादा आहेत. ज्याला प्रवास सोसत नाही, रजा मिळत नाही, त्याला असं आमंत्रण ओझंच होतं. त्याच्यासाठी करडईचं तेल किंवा गूळ पाठवावा. वस्तूच, पण महिन्याभरात संपणारी. आणि मित्राने स्वतःहून कुकर मागितला, तर बिनदिक्कत कुकरच द्यावा.

दुसरी गोष्ट पैशाची. पुण्याहून यायचा-जायचा खर्च त्यानेच करायचा असेल, तर आपण भेट दिली की त्याला खर्चात पाडलं? तिकीट भेटीतच धरावं.

सध्या आपल्याकडे रब्बीच्या पेरण्या चालू आहेत. ज्यांचे मित्र शहरात छोट्या घरात राहतात, त्यांनी पेरणीची तारीख आजच लिहून ठेवावी, त्यात तीन महिने मिळवावेत, मित्राला फोन लावून त्याचा रविवार ठरवावा आणि आरक्षण सुरू होताच जाण्यायेण्याचं तिकीट काढावं.