तीन वर्तुळे आणि चोपन्न मूर्ती
(स्वयंसहाय्य गट, पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्जासाठी अर्ज करणाऱ्या गटाकडे आजकाल प्रकल्प अहवालाबरोबर एका स्लाइडची अपेक्षा केली जाते. तिच्यावर एकात एक अशी तीन वर्तुळे असतात. सर्वांत मोठे वर्तुळ एकूण बाजाराचे, त्याच्या आतले गटाला पोहोचता येईल अशा बाजाराचे, आणि सर्वांत लहान प्रत्यक्ष हाती येऊ शकेल अशा बाजाराचे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना टॅम, सॅम आणि सॉम असेही म्हणतात. चित्र काढणे सोपे आहे. प्रत्येक वर्तुळात लिहिलेला आकडा कोठून आला हे सांगणे मात्र कठीण आहे. कर्ज फिटणार की बुडणार, हे बहुधा त्या उत्तरावरच अवलंबून असते. म्हणून आजच्या विवेचनासाठी गोव्यातील घराघरांत ठाऊक असलेला एकच व्यवसाय घेतला आहे. तो म्हणजे चिकणमातीच्या गणेशमूर्तींचा.

सत्तरी तालुक्यातील एका महिला गटाची कल्पना करावी. गटातील दोघींच्या माहेरी चित्रशाळा आहे, त्यामुळे माती मळण्यापासून डोळे रेखाटण्यापर्यंतचे काम त्यांना येते. गटाला स्वतःची चित्रशाळा काढावयाची आहे. किती मूर्ती खपतील, एवढाच प्रश्न आहे. गट आणि त्याने केलेली मोजणी उदाहरणापुरती कल्पिलेली आहे. जनगणनेचे आकडे मात्र खरे आहेत.

प्रथम मोठे वर्तुळ. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती व त्यांपैकी ९,६३,८७७ हिंदू होते. एका कुटुंबात सरासरी साडेचार माणसे धरली, तर सुमारे २,१४,००० हिंदू कुटुंबे होतात. कुटुंबास एक मूर्ती धरल्यास २,१४,००० मूर्ती, हा पहिला आकडा. त्याच्याखाली तीन गोष्टी लिहिल्या पाहिजेत: लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतील आहे, साडेचार माणसे हे गटाने धरलेले गृहीत आहे, आणि हा आकडा जास्तीत जास्त किती याचा आहे, प्रत्यक्षातला नव्हे. सार्वजनिक मंडळांच्या मोठ्या मूर्ती यात धरलेल्या नाहीत, कारण हा गट त्या करणार नाही. २०२१ मध्ये व्हावयाची जनगणना पुढे ढकलली गेल्यामुळे २०११ च्या आकड्यावर काम भागवावे लागते. म्हणून आकड्यासोबत वर्ष लिहिणे आवश्यक ठरते.

येथपर्यंत पोहोचल्यावर अनेक अर्जदार घसरतात. ते म्हणतात, दोन लाख चौदा हजारांतील अवघा अर्धा टक्का मिळाला तरी १,०७० मूर्ती होतात. मूर्तीस सरासरी १,५०० रुपये धरले, तर सोळा लाखांची विक्री झाली! अर्धा टक्का ऐकावयास फार नम्र वाटतो, पण तो कोठूनही आलेला नसतो. ती एक हजार सत्तर कुटुंबे कोणत्या गावची, आणि आजवर मूर्ती कोठून आणत होती, असे विचारले की हिशेब थांबतो.

आता दुसरे वर्तुळ. गट टेंपोने मूर्ती पोहोचवू शकेल असे तालुके दोन, सत्तरी व डिचोली. २०११ मध्ये सत्तरीची लोकसंख्या ६३,८१७ व डिचोलीची ९७,९५५, म्हणजे मिळून १,६१,७७२ होती. साडेचारांनी भागल्यास सर्व धर्मांची मिळून सुमारे ३६,००० कुटुंबे होतात. येथे संपूर्ण राज्यातील हिंदूंचे प्रमाण लावणे चुकीचे ठरेल, कारण ते तालुक्यागणिक बदलते. शिवाय कुटुंबांचा आकडा म्हणजे मूर्तींचा आकडा नव्हे. गोव्यात तीन भाऊ तीन गावी राहत असले तरी चतुर्थीला मूळ घरी एकत्र येतात, आणि तेथे मूर्ती एकच बसते. काही घराण्यांत मातीची मूर्ती न आणता कागदावर चितारलेल्या गणपतीची पूजा होते. जनगणनेच्या कोष्टकात यातले काहीच दिसत नाही.

ते कळण्याचा मार्ग म्हणजे स्वतः मोजणे. गटाने दोन्ही तालुक्यांतील दहा गावे निवडली आणि प्रत्येक गावातील वीस, अशी दोनशे कुटुंबे विचारली, असे समजा. घरे ओळखीची निवडावयाची नाहीत; पंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीतून ठराविक अंतराने क्रमांक घ्यावयाचे. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, ही व्याख्या सर्व गावांत सारखी ठेवावयाची. घराला कुलूप असेल तर शेजारच्या घरी विचारून रकाना भरू नये, पुन्हा जावे. वर्षभर बंद असलेले मूळ घर चतुर्थीलाच उघडते आणि मूर्ती नेमकी त्याच घरात येते, हे येथे विसरता कामा नये. अशा घरांची वेगळी नोंद ठेवावी.

दोनशे कुटुंबांपैकी ११० कुटुंबांच्या स्वतःच्या घरी मातीची मूर्ती बसते, असे आढळले असे धरू. म्हणजे शंभर कुटुंबांमागे ५५ मूर्ती. ३६,००० कुटुंबांना हे प्रमाण लावले की सुमारे १९,८०० मूर्ती होतात. धर्म, मूळ घर आणि कागदाचा गणपती, या तिन्ही गोष्टी या एकाच प्रमाणात सामावल्या गेल्या. स्लाइडवर दुसऱ्या आकड्याखाली जनगणनेबरोबरच मोजणीचा महिना, गावांची संख्या आणि कुटुंबांची संख्या लिहावयाची. हा आकडा पडताळता येतो. गोवा हस्तकला, ग्रामीण व लघुउद्योग विकास महामंडळ मातीच्या मूर्ती करणाऱ्या कारागिरांना मूर्तीमागे अर्थसाहाय्य देते. दोन तालुक्यांतील चित्रशाळांत जाऊन त्यांनी गेल्या वर्षी केलेल्या मूर्तींची बेरीज करावी. ती वीस हजारांच्या आसपास न येता चार-पाच हजारच भरली, तर एकतर बाहेरून मूर्ती येतात किंवा मोजणी चुकली आहे. कोणते खरे, हे शोधल्यावाचून पुढे जाऊ नये.

तिसरे वर्तुळ सर्वांत लहान, पण गटाचे भवितव्य त्यात असते. येथे या व्यवसायाची एक रीत लक्षात घ्यावी लागते. चतुर्थीच्या कितीतरी आधी यजमान आपल्या घरचा पाट चित्रशाळेत नेऊन देतो आणि त्या पाटावर त्याची मूर्ती घडते. हा पाट आजोबांपासून एकाच चित्रशाळेत जात असतो. तो दरावरून सहसा हलत नाही. म्हणून मोजणीच्या वेळी "आमच्या गटाची मूर्ती घ्याल का?" असे विचारू नये. दारी आलेल्या बाईला कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. सगळेच "घेऊ की" म्हणतील. विचारावयाचे ते असे: गेल्या चतुर्थीला मूर्ती कोठून आणली? किती वर्षे तेथूनच आणता? पाट देता की बाजारातून तयार मूर्ती उचलता?

११० पैकी ९ कुटुंबांनी सांगितले की त्यांची ठरलेली चित्रशाळा नाही, असे समजा. हे प्रमाण शेकडा आठच्या थोडे वर भरते. पहिल्या वर्षी गटाची ओळख आसपासच्या पाच गावांपुरती असेल. पंचायतींच्या नोंदींवरून त्या गावांत १,२०० कुटुंबे आहेत असे धरले, तर शंभरास ५५ या प्रमाणाने ६६० मूर्ती बसतात आणि त्यांपैकी ११० ला ९ या प्रमाणाने ५४ मूर्ती गटाकडे येऊ शकतात. नऊ हा आकडा लहान आहे. दुसरी दोनशे कुटुंबे विचारली असती तर पाच किंवा चौदाही निघाली असती. त्या हिशेबाने ५४ च्या जागी ३० किंवा ८४ येतात. म्हणून वर्तुळात ५४ आणि त्याखाली "३० ते ८४" असे दोन्ही लिहिणे प्रामाणिकपणाचे होय.

यापुढे एक तपासणी उरते, ती हातांची. ऐन पावसाळ्यात माती लवकर वाळत नाही, आणि ओल्या मूर्तीवर रंग चढत नाही. गटाला हंगामात १३० मूर्ती पुऱ्या करता येतील असे धरू. येणारी गिऱ्हाइके आणि होणाऱ्या मूर्ती, यांतील जो आकडा लहान तोच तिसऱ्या वर्तुळात जातो. येथे तो ५४ आहे. म्हणजे १३० मूर्ती करण्याची ताकद असूनही पहिल्या वर्षी माती, रंग आणि कर्ज ५४ मूर्तींच्या बेताने घ्यावे. १,५०० रुपयांच्या दराने ही विक्री ८१,००० रुपयांची होते. सोळा लाखांच्या विक्रीवर बेतलेले कर्ज आणि एक्याऐंशी हजारांच्या विक्रीवर बेतलेले कर्ज यांत गटातील बायकांच्या गळ्यातील दागिन्यांइतके अंतर आहे. पापड उरला तर पुढच्या महिन्यात विकता येतो. चतुर्थी उलटल्यावर रंगवलेल्या मूर्तीला गिऱ्हाईक नसते.

शेवटी चित्राविषयी. वर्तुळांचा आकार आकड्यांशी जुळला पाहिजे. डोळ्याला वर्तुळाचे क्षेत्रफळ दिसते, आणि ते व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणून व्यास ठरवताना आकड्यांचे वर्गमूळ घ्यावयाचे. शाळेतील आठवीचा विद्यार्थीही हे गणित करील. मोठे वर्तुळ ५० सेंटिमीटर व्यासाचे काढले, तर १९,८०० चे वर्तुळ सुमारे १५ सेंटिमीटरचे आणि ५४ चे जेमतेम ८ मिलिमीटरचे येते. सामान्यतः तिन्ही वर्तुळे शोभेसाठी सारख्या अंतराने काढली जातात. तसे केल्यास आतले वर्तुळ बाहेरच्याच्या एक नवमांश दिसते. प्रत्यक्षात ते चार हजारांशाच्या आसपास आहे. अधिकाऱ्याने अशी स्लाइड पाहताच पट्टी लावून पाहावी. तिन्ही आकडे एकाच मापात आहेत की नाहीत, हेही पाहावे. एकात कुटुंबे, दुसऱ्यात मूर्ती आणि तिसऱ्यात रुपये असतील, तर ती वर्तुळे एकात एक बसतच नाहीत.

आठ मिलिमीटरचे वर्तुळ दाखवावयास गटाला संकोच वाटेल. परंतु बँकेच्या अधिकाऱ्याने त्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारले, तर गटाला पाच गावांची नावे सांगता येतील, बाजारातून मूर्ती उचलणारी घरे कोणती हे दाखवता येईल, आणि आषाढात किती पाट आले हे मोजून आपला अंदाज खरा ठरला की खोटा, हे चतुर्थीपूर्वीच कळेल. पाट तीसच आले, तर माती तेवढीच भिजवावी.