फोनवरचे पहिले वीस सेकंद

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळातील एका घरची मुलगी इथे वडोदऱ्यात पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या दुकानात काम करते. जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून वार्षिक देखभालीचा करार विकायचा, हे तिचे काम. एके दिवशी ती म्हणाली, "काका, दांडिया बाजारातल्या एका आजींनी विचारलं, 'पोरी, खोटं बोलायचा पगार घेतेस का गं?' मी नोकरी सोडते."

मालकांना विचारून आम्ही तिचा कागद मागवला. आम्ही तिघे मित्र, तिघेही सरकारी नोकर. विकण्याचा अनुभव शून्य. पण टेबलामागे बसून लोकांची चिडचिड ऐकण्याचा भरपूर.

आधी आम्ही तो कागद घड्याळ लावून मोठ्याने वाचला. समोरच्याला पहिला शब्द बोलायला मिळेपर्यंत पन्नास सेकंद गेले. सुरुवात अशी होती: "नमस्कार, आपण कसे आहात? आपल्या परिवाराच्या आरोग्याच्या दृष्टीने एक अत्यंत महत्त्वाची माहिती देण्यासाठी हा संपर्क साधण्यात येत आहे. आपण पीत असलेले पाणी विषारी असू शकते..." असे कोणी बोलते का? शिवाय त्या घरचे पाणी न तपासता विषारी म्हणणे, हेच आजींना खोटे वाटले.

नव्या सुरुवातीत चारच गोष्टी ठेवल्या: कोण बोलतंय, याच घरी फोन का, काम काय, वेळ किती. "नमस्कार काकू, मी अमुक दुकानातून बोलतेय. गेल्या वर्षी तुमचं मशीन आम्ही दुरुस्त केलं होतं. त्याच्या वर्षभराच्या देखभालीबद्दल विचारायचं होतं, दोन मिनिटं लागतील. आत्ता बोलू का?" आणि मग गप्प राहायचे. ही शांतताही कागदावर लिहून ठेवली, कारण घाबरलेला माणूस ती भरून काढतो. हे सगळे वीस सेकंदांच्या आत बसते.

मग हरकती. जुन्या कागदात प्रत्येक 'नाही'ला तीन-तीन उत्तरे होती. आम्ही एकच ठेवले.

"वेळ नाही" म्हटले, की "बरं, पुन्हा केव्हा करू, की नकोच?" यातला 'नकोच' महत्त्वाचा, तो नसला तर लोक टाळण्यासाठी 'उद्या' म्हणतात आणि रोज फोन झेलतात.

"घरी विचारून सांगते" म्हटले, की दर आणि अटी लिहून पाठवू का, एवढेच विचारायचे. घरचा निर्णय फोनवर उरकायला लावायचा नाही.

सर्वांत अवघड, "महाग आहे." करार २,४०० रुपयांचा. त्यात वर्षाला तीन भेटी आणि साधे फिल्टर येतात. मेम्ब्रेन येत नाही. जुन्या कागदात हे दडवले होते आणि मेम्ब्रेन बदलायची वेळ आली की दुकानात भांडण. आता ते दराबरोबरच सांगायचे. मग विचारायचे, "गेल्या वर्षी दुरुस्तीला किती खर्च आला?" काकू म्हणाल्या दोन हजार, तर बोलण्यात अर्थ आहे. सातशे म्हणाल्या, तर सरळ सांगायचे, "मग करार नका घेऊ, बिघडलं तर फोन करा." यावर मालक अडले. आम्ही म्हटले, हे वाक्य काढायचे असेल तर आमचा कागद परत द्या. एक दिवस विचार करून त्यांनी ते ठेवले.

"पुन्हा फोन करू नका" याला उत्तरच नाही. "माफ करा, नंबर काढते," म्हणायचे आणि त्याच क्षणी यादीवर खूण करायची. नुसते म्हणून उपयोग नाही. नको असलेल्या जाहिरातीच्या फोनची तक्रार १९०९ वर करता येते.

शेवटी तालीम. फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून पाठीला पाठ लावून बसलो. आमच्यातला एक तिरसट गिऱ्हाईक झाला. तिला जिथे दम लागला, तिथे वाक्य तोडले. जिथे जीभ अडली, तिथे तिचा घरचा शब्द घातला. गुजराती घरांसाठीचा कागद तिने भाषांतर न करता पुन्हा बोलून लिहिला.

आता फोन तुटला, की कुठे तुटला ते ती लिहिते. "कोण बोलतंय?" असे विचारले गेले, तर सुरुवात फसली. दर ऐकून तुटला, तर यादी चुकली. गरज नसलेल्या घरी फोन गेला.

खप काही दुप्पट झाला नाही. ज्यांना घ्यायचे नाही, ते अजूनही घेत नाहीत. ते कोणताही कागद बदलू शकत नाही. पण मुलगी नोकरीत आहे. त्या आजींची माफी मागायला तिने एकदाच फोन केला. आजींनी करार घेतला नाही, म्हणाल्या, "आता बोललीस माणसासारखी."