नखाची बुरशी आणि औषधी लॅकर

रोवणीच्या दिवसांत चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांध्यांत पाय तासन्‌तास चिखलात असतात. मग अंगठ्याच्या नखाचं टोक पिवळं पडतं, जाड होतं, खालून भुसा निघतो. ही बहुधा बुरशी. पण मार लागल्यानं किंवा सोरायसिसनंही नख असंच दिसतं. म्हणून आधी नखाचा खरवडा तपासून घ्या.

एकदोनच नखं, तीही टोकाकडून निम्म्यापेक्षा कमी बिघडलेली आणि मुळाशी नख स्वच्छ असेल, तर लॅकर चालतं. मुळापर्यंत बुरशी गेली असेल, तर नुसत्या लॅकरवर पैसे घालवू नका. डॉक्टर पोटातून गोळ्या देतील. मधुमेह असेल किंवा पाय बधिर असेल, तर घरी नख घासूच नका. कुष्ठरोग आढळणाऱ्या आपल्या भागात बधिरपणाची तपासणी आधी.

अमोरोल्फिन ५ टक्के लॅकर आठवड्यातून एकदा-दोनदा लावायचं: नख कानशीनं घासा, स्पिरिटनं पुसा, लेप वाळू द्या. ती कानस चांगल्या नखाला लावू नका. सायक्लोपिरॉक्स ८ टक्के मात्र रोज लावायचं.

अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. सहा मिलिमीटर खराब भाग पुढे सरकायलाच चार महिने लागतात; औषध नऊ महिने ते वर्षभर चालतं. मुळाकडून स्वच्छ नख येतंय, हीच गुणाची खूण. तरी अमेरिकेतल्या चाचण्यांत ४८ आठवड्यांनंतर सायक्लोपिरॉक्सनं पूर्ण बरे झालेले शंभरात दहासुद्धा नव्हते. सहा महिन्यांत फरक दिसला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.