वायरिंग रूममधले चौदा जण : टीमचा खरा स्पीड कोण ठरवतं?

आजचा एपिसोड जॉब करणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांच्या हाताखाली चार-पाच जण नुकतेच आले आहेत त्यांच्यासाठी तर खासच. ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा त्याचा लेखी मजकूर.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे दर दोन आठवड्यांनी एक आकडा निघतो. टीमने किती स्टोरी पॉइंट पूर्ण केले, म्हणजे व्हेलॉसिटी. काही टीम्सचा हा आकडा बघा. ४०, ४१, ३९, ४०, ४०. कोणी आजारी पडलं तरी ४०, नवीन माणूस आला तरी ४०. मॅनेजर खूश, कारण टीम 'स्टेबल' आहे. पण माणसांचं काम इतकं सरळ रेषेत चालतं का हो? याचं उत्तर नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका कारखान्यात सापडलं होतं.

शिकागोला लागून सिसेरो नावाचं गाव आहे. तिथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता. टेलिफोनचं सामान बनायचं. १९२४ ते १९३२ या काळात तिथे बरेच प्रयोग झाले. मॅनेजमेंट शिकलेल्या कोणीही 'हॉथॉर्न इफेक्ट' हा शब्द ऐकलेला असतो. आपल्याकडे कोणी लक्ष देतंय म्हटलं की माणूस जास्त काम करतो, असा त्याचा ढोबळ अर्थ. पण ही गोष्ट अर्धीच आहे. उरलेली अर्धी मला जास्त कामाची वाटते.

आधी प्रसिद्ध अर्धी थोडक्यात सांगतो. सुरुवातीला उजेड कमी-जास्त करून कामावर काय परिणाम होतो ते बघितलं. उजेड वाढवला, काम वाढलं. कमी केला, तरी काम फारसं घटेना. मग १९२७ मध्ये पाच मुलींना एका वेगळ्या खोलीत बसवलं. त्या रिले जोडायच्या. एका रिलेचे साधारण पस्तीस भाग, आणि एक रिले जोडायला जेमतेम एक मिनिट. तयार रिले खाली सोडला की कागदी पट्टीवर आपोआप भोक पडायचं, त्यामुळे मोजणी चोख. मग मधली सुट्टी दिली, खायला दिलं, तास कमी केले. प्रत्येक बदल मुलींना विचारून. सुरुवातीला एक मुलगी आठवड्याला सुमारे २,४०० रिले जोडायची, दोनेक वर्षांत हा आकडा ३,००० च्या आसपास गेला. मध्ये एकदा सगळ्या सवलती काढून घेतल्या, तरी आठवड्याचं काम वरच राहिलं.

इथे लोक म्हणतात, "बघा, लक्ष देण्याची जादू!" थांबा. तीन गोष्टी सांगायच्या राहून जातात. पहिली, सवलती काढल्यावर कामाचे तास वाढले होते. आठवड्याचा एकूण आकडा वर राहिला, पण तासाला होणारं काम थोडं उतरलं. दुसरी, १९२८ च्या सुरुवातीला दोन मुलींना जास्त बोलतात, मन लावून काम करत नाहीत म्हणून बदललं. नव्या आलेल्या दोघी जास्त वेगवान होत्या. तिसरी, पैसे. आधी या मुलींची कमाई शंभरेक जणींच्या गटाच्या कामावर ठरायची. वेगळ्या खोलीत ती फक्त त्या पाच जणींच्या कामावर ठरू लागली.

याचं गणित करून बघा. शंभर जणांच्या गटात तुम्ही एकट्याने १० टक्के जास्त काम केलं, तर गटाचं काम वाढतं ०.१ टक्का, आणि तुमची कमाईही तेवढीच वाढते. पाच जणांत तेच १० टक्के म्हणजे २ टक्के वाढ. वीसपट फरक. नुसतं कौतुकाने बघितलं म्हणून नाही, घाम गाळल्याचा हिशोब दिसायला लागला म्हणूनही हात वेगाने चालले.

आता दुसरी अर्धी. नोव्हेंबर १९३१ मध्ये चौदा पुरुषांना एका खोलीत बसवलं. नऊ वायरमन, तीन सोल्डरिंग करणारे, दोन इन्स्पेक्टर. काम होतं टेलिफोन एक्स्चेंजच्या टर्मिनलच्या पट्ट्यांना वायर जोडण्याचं. या पट्ट्यांना 'बँक' म्हणायचे, म्हणून खोलीचं नाव बँक वायरिंग रूम. पैशाच्या बँकेशी काही संबंध नाही. या वेळी प्रयोग करणाऱ्यांनी काहीच बदललं नाही. एक निरीक्षक कोपऱ्यात बसला. हुकूम द्यायचा नाही, कोणाचं गुपित वर सांगायचं नाही, एवढंच त्याला बजावलेलं. दुसरा माणूस खोलीबाहेर एकेकाशी निवांत बोलायचा.

पगाराची पद्धत अशी की सगळ्या डिपार्टमेंटचं काम एकत्र धरायचं आणि कमाई वाटून घ्यायची. कंपनीला वाटलं, म्हणजे सगळे एकमेकांच्या मागे लागतील, "अरे, जोर लाव!" झालं उलटंच.

कंपनीचं टार्गेट होतं दिवसाला ७,३१२ जोडण्या. पण पोरांनी स्वतःचं टार्गेट ठरवलेलं : दिवसाला दोन नग पूर्ण करायचे. म्हणजे कामाच्या प्रकाराप्रमाणे ६,६०० किंवा ६,००० जोडण्या. हे कोणी कागदावर लिहिलं नव्हतं, पण ते सगळ्यांना माहीत होतं. सकाळी पटापट हात चालायचे, दुपारनंतर सगळं सैल. कोणी फार पुढे गेला तर शेजारचा उठून त्याच्या दंडावर एक ठोसा द्यायचा. याला ते 'बिंगिंग' म्हणायचे. ठोसा खाणाऱ्याने उलट एक मारायचा आणि विषय संपला. जास्त काम करणारा तो 'रेट बस्टर', म्हणजे सगळ्यांचा भाव बिघडवणारा. फार कमी करणारा तो 'चिझलर', म्हणजे दुसऱ्याच्या घामावर जगणारा. साहेबाला जाऊन सांगणारा चुगलखोर. आणि इन्स्पेक्टर असलास तरी इन्स्पेक्टरसारखा मिरवू नकोस, हाही एक नियम.

आता त्या सरळ रेषेकडे या. निरीक्षकाने प्रत्येकाचं खरं काम मोजलं आणि त्याने स्वतः सांगितलेल्या आकड्याशी ताडून बघितलं. दोन्ही जुळत नव्हते! ज्या दिवशी जास्त काम झालं त्या दिवशी थोडं झाकून ठेवायचं, कमी झालं त्या दिवशी ते भरून काढायचं. कागदावर रोज सारखंच. शिवाय 'माल खराब होता', 'काम अडलं होतं' असं सांगून वाया गेलेला वेळ मागून घ्यायचा. प्रत्यक्ष अडलं त्यापेक्षा जास्त. आपल्या स्टँड-अपमधलं "मी ब्लॉक्ड आहे" आठवलं ना? ग्रुप चीफला, म्हणजे आपल्याकडच्या मुकादमाला, हे सगळं माहीत होतं. पण त्याला रोज याच पोरांबरोबर काढायचे होते, म्हणून तो डोळेझाक करायचा. वर मॅनेजमेंटला दिसायची फक्त सुंदर सरळ रेषा.

मग ही माणसं आळशी होती का? की त्यांना जमत नव्हतं? कंपनीने त्यांच्या बुद्धीची आणि हातांच्या चपळाईची चाचणी घेतली. सगळ्यात कमी काम करणारा वायरमन बुद्धीच्या चाचणीत पहिला आला आणि चपळाईत तिसरा! काम कुवतीवर ठरत नव्हतंच. खोलीत दोन टोळकी होती, एक पुढच्या बाजूला, एक मागच्या. तुमचं काम किती होणार हे तुम्ही कोणत्या टोळक्यात बसता यावर बरंच ठरायचं.

विचारल्यावर ते म्हणायचे, "जास्त केलं तर कंपनी दर कमी करेल, नाहीतर कोणालातरी काढेल." गंमत म्हणजे दर कापल्याचा अनुभव त्या खोलीत कोणालाच नव्हता. पण काळ बघा. १९३१. महामंदी. कारखान्यात कामाचे तास कमी होत होते, माणसं जात होती. शेवटी कामच नाही म्हणून मे १९३२ मध्ये हा अभ्यासही बंद पडला. जोडायला काम थोडंच असताना ते लवकर संपवणारा माणूस शहाणा की वेडा? त्यांच्या भीतीला त्यांच्याकडे पुरावा नव्हता, पण ती मूर्खपणाची नव्हती.

एकाच कारखान्यात एका खोलीत गटाने काम वर नेलं, दुसऱ्या खोलीत गटाने ते धरून ठेवलं. लक्ष दोन्हीकडे होतं. फरक मला असा दिसतो. मुलींना विचारलं जात होतं, आणि जास्त कामाचे पैसे त्यांच्याच हातात दिसत होते. पुरुषांना वाटत होतं की आपला वाढलेला आकडा उद्या आपल्याविरुद्धच वापरला जाईल. एक मात्र लक्षात ठेवा, एका खोलीत पाच मुली आणि दुसऱ्या खोलीत चौदा पुरुष, एवढ्यावरून जगाचा नियम काढता येत नाही. पण कुठे बघायचं ते नक्की कळतं.

आज टीम सांभाळणाऱ्याने यातून काय घ्यायचं? मी दोनच गोष्टी सांगेन.

एक, वाढलेल्या आकड्याचं पुढे काय होतं ते तपासा. पुण्यातल्या एका कंपनीत मी बघितलंय. टीमने एका स्प्रिंटला जीव तोडून ५२ पॉइंट केले. पुढच्या प्लॅनिंगला साहेब म्हणाले, "वा! आता ५२ हाच बेस धरू." त्यानंतर त्या टीमने कधीही पन्नाशी ओलांडली नाही. एस्टिमेट फुगली, तयार पुल रिक्वेस्ट सोमवारपर्यंत दाबून ठेवल्या जाऊ लागल्या. ठोसा कोणी मारला नाही, "भाई, एवढं कशाला?" असा एक मेसेज पुरला. रेषा फार सरळ दिसली तर टीमला रागावू नका. मागच्या वेळी आकडा वाढला तेव्हा आपण काय केलं, ते आधी आठवा.

दोन, ऐका, पण प्रश्नावली घेऊन नाही. हॉथॉर्नमध्ये १९२८ पासून २१,००० च्या वर मुलाखती झाल्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न विचारायचे. पण माणसं फिरून फिरून स्वतःच्याच विषयावर यायची. शेवटी प्रश्न बाजूला ठेवले आणि त्यांना बोलू दिलं. अर्ध्या तासाची मुलाखत तास-दीड तासावर गेली. तुमच्या वन-ऑन-वनमध्ये टिकेटचं स्टेटस विचारून पंधरा मिनिटं संपत असतील, तर तुम्हाला कळणार तेवढंच जेवढं त्या बोर्डवर आधीच लिहिलंय. टोळकी कोणती, कोण कोणाला सांभाळून घेतं, भीती कशाची आहे, हे त्या बोर्डवर कधीच नसतं.

तुमच्या टीममधला न लिहिलेला 'दिवसाला दोन नग' नियम कोणता आहे? कमेंटमध्ये लिहा, कंपनीचं नाव मात्र टाकू नका! भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.