पहिले मतदान : नाव, पत्ता आणि तारीख

मतदानाचा दिवस एक असतो, पण त्या दिवशी मत देता येईल की नाही हे बरेच आधी ठरलेले असते. ते ठरते मतदार यादीत. संविधानाच्या ३२६व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार दिला. ६१व्या घटनादुरुस्तीने त्यासाठीचे वय २१ वरून १८ वर आणले आणि १९८९च्या लोकसभा निवडणुकीत १८ वर्षांच्या तरुणांनी पहिल्यांदा मतदान केले. हा अधिकार वयाने मिळत असला तरी तो आपोआप वापरात येत नाही. दहावीची गुणपत्रिका, आधार, वाहन परवाना हे सगळे असूनही यादीत नाव नसेल, तर केंद्रावरून परतावे लागते. महाविद्यालयातील नव्या मतदारांचे मत हुकते ते बहुधा तीन ठिकाणी: तारखेत, पत्त्यात आणि अर्ज केल्यानंतरच्या दुर्लक्षात.

तारखेचा हिशेब आधी पाहावा. वयाची १८ वर्षे मतदानाच्या दिवशी पूर्ण असून भागत नाही, ती ‘अर्हता दिनांका’ला पूर्ण असावी लागतात. पूर्वी वर्षातून १ जानेवारी हा एकच अर्हता दिनांक होता, त्यामुळे फेब्रुवारीत जन्मलेल्याला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. २०२२च्या ऑगस्टपासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक झाले. वय १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करण्याचीही सोय आहे. असा अर्ज ठेवून घेतला जातो आणि ज्या तिमाहीत १८ वर्षे पूर्ण होतात त्या वेळी विचारात घेतला जातो. बारावीतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी ही सर्वांत उपयोगाची आणि सर्वांत कमी माहीत असलेली तरतूद म्हणावी लागेल.

अर्हता दिनांकाइतकीच दुसरी तारीख महत्त्वाची असते. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या २३व्या कलमानुसार, उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की निवडणूक पार पडेपर्यंत यादीत नवे नाव घेता येत नाही. नाव घेण्यापूर्वी हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून मतदाराचा अर्ज त्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधी पोचलेला असावा लागतो. महाराष्ट्राच्या २०२४च्या विधानसभा निवडणुकीत हा हिशेब कसा बसला ते पाहण्याजोगे आहे. निवडणूक जाहीर झाली १५ ऑक्टोबरला, उमेदवारी अर्जांचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर होता आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. दहा दिवस मागे मोजले तर १९ ऑक्टोबर येतो. म्हणजे निवडणुकीची बातमी ऐकून जागे होणाऱ्याच्या हातात जेमतेम चार दिवस होते, मतदानाला मात्र अजून महिना होता. वर्गातल्या दोन विद्यार्थ्यांची कल्पना करावी. एकाचा जन्म १२ जून २००६चा. तो १ जुलैलाच पात्र झाला आणि त्याला साडेतीन महिने मिळाले. ते वाया घालवले असतील तर दोष कायद्याचा नाही. दुसऱ्याचा जन्म १० ऑक्टोबर २००६चा. मतदानाच्या दिवशी त्याला १८ वर्षे आणि वर एक्केचाळीस दिवस झाले होते, पण १ ऑक्टोबरला तो नऊ दिवसांनी कमी पडला. त्याची पात्रता १ जानेवारी २०२५पासून धरली जाणार होती, त्यामुळे त्या निवडणुकीत त्याला मत नव्हते.

महानगरपालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्यांच्यासाठी वेगळी नोंदणी नसते. आयोगाने ठरवलेल्या तारखेला विधानसभेची जी यादी असेल, तीच प्रभागांप्रमाणे विभागून वापरली जाते. एकदा केलेली नोंदणी गावच्या पाण्यापासून संसदेपर्यंतच्या सर्व निवडणुकांना पुरते.

पत्त्याचा प्रश्न घर सोडून शिकायला आलेल्यांना हमखास पडतो. अंबाजोगाईची एक मुलगी पुण्यात शिवाजीनगरच्या वसतिगृहात राहते असे समजू. तिने नाव कुठे नोंदवावे? कायदा पाहतो तो ‘सर्वसाधारण रहिवास’. एखाद्या ठिकाणी घर मालकीचे आहे एवढ्याने तो ठरत नाही, आणि काही काळ बाहेर राहिल्याने तो संपतही नाही. म्हणून विद्यार्थ्याला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. आईवडिलांच्या घरी नोंदणी करता येते. किंवा शिक्षणक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा असेल, तर वसतिगृहाच्या अथवा भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर करता येते. दुसऱ्या वाटेने जायचे तर प्राचार्य, संचालक, कुलसचिव किंवा अधिष्ठाता यांच्या सहीचे ठराविक नमुन्यातील बोनाफाईड प्रमाणपत्र जोडावे लागते. नोंदणी मात्र एकाच ठिकाणी करता येते. दोन मतदारसंघांत किंवा एकाच मतदारसंघात दोनदा नाव ठेवण्यास कायद्याने मनाई आहे, आणि अर्जात जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

निवड करताना एक साधा प्रश्न निर्णायक ठरतो: मतदानाच्या दिवशी प्रत्यक्ष कुठे पोचता येईल? बाहेरगावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला केवळ त्या कारणाने टपाली मत मिळत नाही. ती सोय सैन्यदलातील मतदार, निवडणूक कामावरील कर्मचारी, ८५ वर्षांवरील वृद्ध, ठराविक प्रमाणात अपंगत्व असलेले मतदार अशा मोजक्या वर्गांसाठी आहे. अंबाजोगाईच्या मुलीला परीक्षेच्या तोंडावर रात्रभर प्रवास करून जाणे जमणार नसेल, तर पुण्याचा पत्ता शहाणपणाचा. गावच्या प्रश्नांशी तिचे नाते घट्ट असेल आणि जाण्याची तयारी असेल, तर गावचा. दोन्ही निर्णय सारखेच रास्त आहेत. पुढे पत्ता बदलला तर नोंदही हलवता येते. पण तिथेच एक चूक वारंवार होते. नमुना ६ हा पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यासाठी आहे. आधीच मतदार असलेल्याने पत्ता बदलण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८ भरायचा असतो. पुन्हा नमुना ६ भरला तर आपले नाव इतरत्र नाही असे त्यातले निवेदन खोटे ठरते आणि यादीत दुबार नाव शिरते.

अर्ज voters.eci.gov.in या संकेतस्थळावर भरता येतो, तसाच कागदावर भरून मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडेही देता येतो. याच अधिकाऱ्याला सगळे बीएलओ म्हणतात. तो बहुधा शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा पालिकेचा कर्मचारी असतो आणि आपले नेहमीचे काम सांभाळून हे काम करतो. नमुना ६ला छायाचित्र, जन्मतारखेचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. जन्मतारखेसाठी जन्मदाखला, आधार, पॅन किंवा तारीख नमूद असलेले दहावी-बारावीचे प्रमाणपत्र चालते. घरातील कुणाचे नाव आधीच यादीत असेल तर त्यांचा ओळखपत्र क्रमांक दिल्याने नवे नाव योग्य केंद्राच्या यादीत जायला मदत होते. ऑनलाइन अर्जात इंग्रजी नाव टंकले की शेजारच्या चौकटीत देवनागरी नाव यंत्राने उमटते. ते तसेच सोडू नये. ‘आर्या’चे ‘आर्य’ होते, ‘पाटील’चे ‘पाटिल’ होते आणि तेच यादीत छापले जाते. दोन मिनिटे देऊन ते तिथेच सुधारणे पुढच्या नमुना ८पेक्षा स्वस्त पडते. यादीचे विशेष पुनरीक्षण चालू असेल तेव्हा जादा कागदपत्रे आणि वेगळे वेळापत्रक लागू असू शकते, म्हणून त्या काळात जाहीर झालेली सूचना वाचून मगच अर्ज करावा.

अर्ज पाठवला की काम संपले असे समजणे, ही तिसरी अडचण. अर्जाचा संदर्भ क्रमांक मिळतो, मग बीएलओ पडताळणी करतो, हरकतींचे सात दिवस जातात आणि शेवटी मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतो. वसतिगृहातील अर्ज अडतात ते बहुतेक पडताळणीत. सुट्टीत खोलीला कुलूप असते, रखवालदाराला नाव माहीत नसते, अर्जातला मोबाईल क्रमांक बंद असतो. वसतिगृहाच्या अधीक्षकांना अर्जाची कल्पना देऊन ठेवली आणि बीएलओला स्वतः फोन केला तर हे टळते. संदर्भ क्रमांकावरून अर्जाची स्थिती संकेतस्थळावर दिसते, १९५० या क्रमांकावरही चौकशी करता येते. अर्ज नामंजूर झाला तर पंधरा दिवसांत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे अपील करता येते, आणि तिथेही समाधान झाले नाही तर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे. एकदा नाव लागले तरी प्रत्येक निवडणुकीपूर्वी यादी पाहावी. कपाटातले ओळखपत्र जुन्या नोंदीचे असू शकते. मताचा आधार यादी आहे, ओळखपत्र फक्त ओळख पटवते.

ओळख पटवण्यासाठी मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पारपत्र, छायाचित्र असलेले बँकेचे पासबुक अशी आयोगाने ठरवलेली इतर कागदपत्रे चालतात. केवळ मतदार माहिती चिठ्ठी पुरत नाही. मूळ कागद सोबत असावा, कारण केंद्राच्या आत मोबाईल नेता येत नाही. आत पहिला मतदान अधिकारी यादीत नाव शोधून ते मोठ्याने वाचतो, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींनाही खातरजमा करता येते. दुसऱ्या टेबलावर डाव्या तर्जनीला शाई लागते, नोंदवहीत सही होते आणि चिठ्ठी मिळते. ती घेतल्यावर तिसरा अधिकारी यंत्र खुले करतो. आडोशामागे निळे बटण दाबले की त्यापुढचा लाल दिवा लागतो आणि शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेआड उमेदवाराचे नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती चिठ्ठी नीट वाचावी, पहिल्यांदा जाणारे घाईत बाहेर पडतात. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेले आहे असे कळले, तर मुकाट परतू नये. ओळख पटवून ‘प्रदत्त मत’ मागण्याचा हक्क आहे. ते कागदी मतपत्रिकेवर दिले जाते आणि वेगळे जपून ठेवले जाते.

कुणाला मत दिले हे विचारण्याचा अधिकार घरातल्या वडीलधाऱ्यांना, प्राध्यापकांना, संघटनेला किंवा मित्रांना नाही. नोंदवहीत मतदाराची सही असते, त्याची निवड नसते. एकाच घरातील चार माणसांनी चार पक्षांना मते देऊन एकत्र जेवायला बसावे, हे या गुप्ततेमुळे शक्य होते. एकही उमेदवार पसंत नसणे हेही एक मतच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३च्या निकालानंतर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण यंत्रावर आले. लोकसभा-विधानसभेत त्याला सर्वाधिक मते पडली तरी उमेदवारांमध्ये पुढे असलेलाच विजयी होतो, ही मर्यादा माहीत असावी. सही केल्यानंतर मत न देता परत फिरण्याची मुभाही नियमात आहे, फक्त तशी नोंद वहीत होते आणि गुप्तता राहत नाही. उमेदवार निवडणे, सर्वांना नाकारणे किंवा मत न नोंदवता परत जाणे, या तिन्ही वाटा यादीत नाव असलेल्यालाच खुल्या असतात. नाव नसलेल्याच्या वाट्याला फक्त इतरांनी केलेली निवड येते.