उरलेल्याचं काय करायचं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'पुण्यात मोठ्या कंपनीत इंजिनिअर' अशी करून दिली. आता मी कॉम्प्युटरबद्दल काहीतरी बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. पण मी बोलणार आहे भागाकाराबद्दल. मागच्या बाकावर हसू फुटलेलं दिसतंय मला. तिथे बसलेल्यांना माझी चौथीतली गणिताची वही आठवत असेल!

माझा धाकटा भाऊ इथे नात्यालाच असतो. त्याची मुलगी पाचवीत आहे. पावसाळ्यात एका रात्री त्याने मला तिच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. आठ गणितं, त्यातल्या पाचांवर फुली. खाली भावाने लिहिलं होतं, "ताई, हिचं गणितात डोकंच नाही. लक्ष देत नाही. तू जरा बोल." मी फोन केला. फोन भाचीने घेतला आणि पहिलंच वाक्य बोलली, "आत्या, मी ढ आहे का गं?"

प्रोग्राम चुकला की आम्ही नुसतं शेवटचं उत्तर बघत बसत नाही, पहिली चुकलेली ओळ शोधतो. त्या सवयीने मी फोटो मोठा करून पाहिला. पहिलं गणित होतं ८३५ ÷ ४. तिचं उत्तर होतं २८, बाकी ३. आणि गंमत अशी की खालची वजाबाकी बरोबर, पाढे बरोबर, बाकीसुद्धा बरोबर. चार दुणे आठ, आठातून आठ गेले शून्य. तीन खाली घेतले, त्यात चार जात नाहीत, म्हणून पाचही खाली घेतले. पस्तिसात चार आठे बत्तीस, बाकी तीन. चुकलं होतं ते एवढंच, की भागाकार २०८ यायला हवा होता आणि मधलं शून्य लिहायचं राहून गेलं होतं. तिन्ही अंकांतून ती नीट गेली होती. ज्या मुलीचं लक्ष नाही, तिची पस्तिसातली बत्तिसाची वजाबाकी बरोबर येत नाही.

मग मी काय केलं? मला शिकवलं होतं तेच सांगितलं. "अंक खाली घेतल्यावर भाग जात नसेल तर वर शून्य द्यायचं." तिने ते पाठ केलं. दुसऱ्या दिवशी नवा फोटो आला. ९६ ÷ ४, उत्तर २०४.

मी कपाळाला हात लावला. पण पुन्हा बारकाईने पाहिलं, तर तिने माझं ऐकलं होतं. नवात चार दुणे आठ, उरला एक. एकात चार जात नाहीत. आत्याने सांगितलंय भाग गेला नाही की शून्य. दिलं शून्य! मग सहा खाली घेऊन सोळात चार चोक सोळा. नियम माझा होता आणि चूकही माझीच होती.

तेव्हा मी तिला म्हटलं, "वही मिट. घरात चार जण आहेत असं धर. वाटायला ८३५ रुपये आहेत. शंभराच्या ८ नोटा, दहाच्या ३ नोटा आणि रुपयाची ५ नाणी. आधी मोठ्या नोटा वाट." ती म्हणाली, "प्रत्येकाला शंभराच्या दोन." "आता दहाच्या." ती थांबली. "आत्या, तीनच नोटा आहेत आणि माणसं चार. कुणालाच नाही." मी म्हटलं, "मग दहाच्या खान्यात प्रत्येकाला किती मिळाल्या?" "शून्य." "तेच लिहायचं. आता त्या तीन नोटांचं काय करशील?" "दुकानातून सुटे आणीन." "किती येतील?" "तीस नाणी. आणि माझ्याकडची पाच. पस्तीस!" तिच्याच तोंडून पस्तीस आले, आणि त्या क्षणी माझ्याही डोक्यात चाळीस वर्षांनी उजेड पडला. आपण 'पाच खाली घेतला' म्हणतो, ते खरं तर उरलेल्या नोटा सुट्या करून त्यात घरची नाणी मिसळणं असतं.

मग ९६ घेतले. दहाच्या ९ नोटा, नाणी ६. प्रत्येकाला दहाच्या दोन, उरली एक. "दहाच्या खान्यात लिहून झालं ना दोन? मग शून्य कशाला?" ती म्हणाली, "हो की! वाटप झालंय." उरलेल्या एका नोटेची दहा नाणी, त्यात सहा, झाली सोळा, प्रत्येकाला चार. उत्तर चोवीस. शून्य लिहायचं ते त्या खान्यातलं वाटप करताना कुणालाच काही मिळालं नाही म्हणून. वाटप झाल्यावर थोडं उरलं म्हणून नव्हे.

ती शून्य का विसरत होती, याचं एक कारण फोटोतच होतं. माझ्या भावाने तिला आपल्या वेळची मांडणी शिकवली होती. डावीकडे कंसाबाहेर भाजक, मध्ये भाज्य आणि उत्तर उजवीकडच्या कंसाबाहेर. तिथे उत्तराचे अंक एकामागे एक चिकटून बसतात, मधली जागा सुटलेली दिसतच नाही. मी म्हटलं, "चौकटीची वही घे आणि उत्तर भाज्याच्या डोक्यावर लिही. आठाच्या डोक्यावर दोन, तिनाच्या डोक्यावर शून्य, पाचाच्या डोक्यावर आठ. पहिला अंक लिहिल्यावर पुढचं एकही डोकं मोकळं राहता कामा नये आणि एका डोक्यावर दोन अंक बसता कामा नयेत." या एका ओळीने दोन्ही चुका पकडता येतात. २८ लिहिलं तर तिनाचं डोकं मोकळं राहतं. २०४ लिहिलं तर शहाण्णवाच्या दोन अंकांवर तीन अंक बसवावे लागतात. शिवाय पडताळा आहेच. २८ चोक ११२, त्यात ३ मिळवले तर ११५ होतात, ८३५ कुठे गेले?

आता ते उरलेले तीन रुपये. ती म्हणाली, "बाकी तीन, संपलं." मी विचारलं, "रुपयाचे सुटे होत नाहीत का?" तुम्हाला आठवतं ना, आजीच्या तोंडी बारा आणे असायचे. रुपयाचे सोळा आणे, तीन रुपयांचे अठ्ठेचाळीस, चौघांत बारा-बारा आणे. आपल्या नात्यात १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख देशाचे अर्थमंत्री असताना, १९५५ मध्ये नाण्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. तेव्हापासून तीन रुपयांचे तीनशे पैसे, प्रत्येकाला पंचाहत्तर. शंभराच्या दहा, दहाचे दहा, तसंच रुपयाच्या खालीही दहादहानेच सुटे होऊ लागले. भाचीला एवढं सगळं सांगितलं नाही. तिला एवढंच विचारलं की ज्याचे सुटे मिळत नाहीत, अशी वस्तू उरली तर काय करायचं?

कारण पानावरचं शेवटचं गणित तेच होतं. २७/४ हा अंशाधिक अपूर्णांक पूर्णांकयुक्त करून लिहा. तिने लिहिलं होतं, ६ पूर्णांक ४/३. सहा बरोबर, पुढचं उलटं.

मी म्हटलं, "२७ भाकऱ्या आहेत, जेवणारे चार. वाट." प्रत्येकाला सहा, उरल्या तीन. "आता?" "मोडायच्या." "किती तुकडे करायचे?" "चार जण आहेत, मग चार." "त्या तुकड्याला घरात काय म्हणतात?" आतून माझ्या आईचाच आवाज आला, "चतकोर!" तीन भाकऱ्यांचे बारा चतकोर, प्रत्येकाला तीन. म्हणून सहा भाकऱ्या आणि तीन चतकोर. छेदाच्या जागी ४ येतो, कारण भाकरीचे चार तुकडे केले. अंशाच्या जागी ३ येतो, कारण तसे तीन तुकडे मिळाले. ६ पूर्णांक ३/४.

"आणि तू लिहिलेलं ४/३ म्हणजे काय?" ती विचार करून म्हणाली, "भाकरीचे तीन तुकडे केले आणि चार दिले?" मग स्वतःच हसली. "म्हणजे एक आख्खी भाकरी आणि वर एक तुकडा. आत्या, मग ते सहा नाहीच, सात होतील!" हीच खूण. पूर्णांकाच्या शेजारचा अपूर्णांक एका भाकरीहून लहानच असला पाहिजे. तो मोठा दिसला तर अंश-छेद उलटे झाले आहेत किंवा वाटप अपुरं राहिलं आहे. उलटं जायचं असेल तर सगळ्या भाकऱ्या मोडायच्या. सहा चोक चोवीस चतकोर, वरचे तीन, झाले सत्तावीस.

"याला आपण पावणेसात म्हणतो," मी म्हटलं. त्यावर तिने विचारलेला प्रश्न मी विसरणार नाही. "मग सात का नाही लिहायचे?" आपल्या भाषेत मिश्र अपूर्णांक रोजचेच आहेत. सव्वा, दीड, अडीच, साडे. पण पावणे मात्र पुढच्या संख्येकडून मागे मोजतो. सातात पाव कमी. ऐकताना सात, लिहिताना सहा. त्यामुळे पावणेसात म्हटलं की मुलं ७ पूर्णांक ३/४ लिहितात. आपल्या आधीच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी तोंडपाठ केली होती, त्यांना हे सांगावं लागत नसे. आता सांगावं लागतं.

हे सगळं एका फोनमध्ये झालं नाही. चार-पाच रात्री लागल्या, आणि मध्ये दोनदा नात्याची वीज गेली. पुढच्या आठवड्यात सहा गणितांचा फोटो आला. पाच बरोबर. सहाव्यात आठ साते चोपन्न लिहिलं होतं. पण त्या गणितापाशी तिनेच पेन्सिलीने लिहिलं होतं, "पडताळा जुळत नाही, परत करते." पाढ्याची चूक हा वेगळा आजार, त्याचं औषध सोपं आहे.

मित्रांनो, आता आपल्यापैकी कित्येकांना भाचे-पुतण्यांच्या वह्यांचे फोटो येतात. फोटोत उत्तर चुकलेलं दिसलं तर उत्तर सांगू नका. "हे कसं केलंस, मला सांग" एवढंच विचारा आणि ऐका. बहुतेक वेळा मूल नव्वद टक्के बरोबर बोलतं, आणि जिथे अडखळतं तिथेच आपलं काम असतं. मी चौथीत वही दप्तरात लपवायचे, तेव्हा मला कुणी विचारावं म्हणून नव्हे, कुणी विचारू नये म्हणून लपवायचे. समोर बसलेल्या माझ्या बाईंनी एकदा ती वही काढायला लावली आणि रागावल्या नाहीत. बाजूला बसून म्हणाल्या, "वाच बघू, काय केलंस ते." बाई, त्या दिवशी मला शून्याचा नियम पाठ झाला. त्या नियमातल्या नोटा भाचीमुळे दिसल्या.

आणि हो, ती ढ आहे का, हे तिने पुन्हा विचारलेलं नाही.