कानातला आवाज आणि दोन आठवड्यांची वही



मुकुटबनच्या परिसरात कोळसा निघतो, सिमेंटचा कारखाना आहे, दिवसरात्र ट्रक धावतात. अशा ठिकाणी वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसांची एक तक्रार असते, "डॉक्टर, कानात सारखी शिट्टी वाजते. रातकिडे ओरडल्यासारखं होतं." याला कर्णनाद म्हणतात. मोठ्या आवाजानं आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि बाहेर आवाज नसतानाही आवाज जाणवू लागतो.

आज मी उपचारांवर बोलणार नाही. हा आवाज एका दिवशी सोसवतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं उठवतो, असं का होतं, एवढाच माझा विषय आहे. चहा, मीठ, ताण आणि शांतता ही चार नावं तुम्ही ऐकलेली असतील. त्यांपैकी तुमच्या बाबतीत नेमकं कोण जबाबदार आहे, हे तुम्हाला घरच्या घरी तपासता येतं.

सुरुवात शांततेपासून करतो, कारण तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. 1953 साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी ऐकण्याची तक्रार नसलेल्या 80 जणांना आवाजबंद खोलीत बसवलं. काही मिनिटांतच त्यांतल्या 94 टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू येऊ लागला. म्हणजे पूर्ण शांततेत चांगल्या कानालाही आवाज जाणवतो, मग ज्याला कर्णनाद आहे त्याचं काय होत असेल! आपल्याकडे उन्हाळाभर कूलर घरघरत असतो, तेव्हा कानाकडे लक्ष जात नाही. डिसेंबरात कूलर झाकून ठेवला, पंखा बंद झाला, की लोक सांगतात, "थंडीत माझा आवाज वाढतो." वाढलेली असते ती शांतता. अशा वेळी पंखा अगदी हळू ठेवावा किंवा रेडिओ बारीक लावावा. मात्र कानातला आवाज पूर्ण झाकला जाईल इतका तो मोठा नको. कानातला आवाज थोडा ऐकू येत राहिला, तर मेंदूला त्याची सवय होते, असं मानतात.

आता चहा. "चहा सोडा" हा सल्ला सर्रास दिला जातो. ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी 2010 साली हे तपासलं. कर्णनाद असलेल्या 66 जणांना कोणत्या दिवसांत कॅफिन मिळतंय हे कळू न देता ते काही काळ बंद केलं. कॅफिन बंद केल्यानं कर्णनाद कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट ते सोडताना होणाऱ्या त्रासाची भरच पडू शकते. रोजचे पाच-सहा कप एकदम बंद केले की दोन दिवस डोकं ठणकतं, चिडचिड होते आणि त्यात कानातला आवाजही जास्त वाटतो. म्हणून चहा कमी करायचाच असेल, तर तीन-चार दिवसांनी एक कप असा कमी करावा. तरीही काही जणांच्या बाबतीत चहा आडवाटेनं त्रास देतो. संध्याकाळचा चहा झोप मोडतो आणि मोडलेली झोप सकाळी आवाज वाढवते. खर्र्यातली तंबाखूही उत्तेजकच आहे. चहासोबत खर्रा चालू असेल, तर एकट्या चहाला दोष देता येत नाही.

मिठाचा मुद्दा मुख्यतः मेनियर नावाच्या आजारापुरता आहे. त्यात आतल्या कानातल्या द्रवाचं प्रमाण बिघडतं. कान भरल्यासारखा होतो, ऐकणं कमीजास्त होतं, गरगरून चक्कर येते. अशा रुग्णाला मीठ कमी करायला सांगतात, पण तिथंही पुरावा भक्कम नाही. बाकीच्यांच्या कर्णनादाशी मिठाचा संबंध सिद्ध झालेला नाही. तब्येतीसाठी दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे साधारण एक छोटा चमचा, ही मर्यादा पाळावीच. पण लोणच्याचा एक घास घेतला म्हणून रात्रभर धास्तावून बसू नये.

राहिला ताण. यंत्रावर मोजलं तर कर्णनाद बहुधा त्या व्यक्तीला ऐकू येणाऱ्या सर्वांत बारीक आवाजापेक्षा काही डेसिबलच वर भरतो. इतका लहान आवाज एवढा छळतो, कारण मेंदूनं त्याला धोक्याची खूण मानलेलं असतं. कर्जाचा हप्ता, घरातलं आजारपण, कापसाचा पडलेला भाव यांनी आवाज तेवढाच राहूनही त्रास दुप्पट होतो. म्हणून आवाज आणि त्रास या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या.

आता वही कशी ठेवायची ते सांगतो. नोंद दिवसातून दोनदाच करायची, सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी सातला. आवाजाला शून्य ते दहा आणि त्रासाला शून्य ते दहा असे आकडे द्यायचे. त्यापुढं झोप किती तास झाली, शेवटचा चहा कधी घेतला, खारट काय खाल्लं, मोठ्या आवाजात किती वेळ गेला, रात्री खोलीत पंखा किंवा कूलर चालू होता का, हे लिहायचं. पहिले दोन आठवडे कशातही बदल करायचा नाही.

अनेक रुग्णांच्या अनुभवावरून बेतलेलं एक उदाहरण घेऊ. खाणीत डंपर चालवून निवृत्त झालेले एक काका आहेत. चौदा दिवसांत त्यांच्या पाच सकाळी वाईट गेल्या, म्हणजे आवाज सात किंवा त्याहून जास्त. त्या पाचांपैकी चार सकाळींच्या आदल्या रात्री त्यांनी लोणचं-पापड खाल्लं होतं. काका म्हणाले, "सापडलं!" पण उरलेल्या नऊ चांगल्या सकाळी पाहिल्या, तर त्यांच्याही आदल्या रात्रींपैकी सात रात्री पानात लोणचं-पापड होतंच. म्हणजे लोणचं निर्दोष. बहुतेकांची चूक इथंच होते. ते फक्त वाईट दिवस तपासतात, चांगले दिवस पाहतच नाहीत.

संध्याकाळी सहानंतरचा चहा मात्र पाच वाईट दिवसांपैकी चारांच्या आधी होता आणि नऊ चांगल्या दिवसांपैकी फक्त दोनांच्या आधी. त्याच चार वाईट दिवशी झोप पाच तासांहून कमी होती. पाचव्या वाईट दिवशी चहाही नव्हता आणि झोपही पुरेशी झाली होती. त्या पहाटे वीज गेली, कूलर थांबला आणि काका निःशब्द खोलीत जागे पडून राहिले.

एवढ्यावर निकाल द्यायचा नाही. पुढचे दोन आठवडे काकांनी शेवटचा चहा दुपारी चारला घेतला, बाकी सगळं तसंच ठेवलं. वाईट सकाळी दोनवर आल्या. मग आठवडाभर पुन्हा संध्याकाळचा चहा घेतला, तर सातांत तीन सकाळी वाईट गेल्या. पुन्हा चारची वेळ पाळली आणि त्या पुन्हा कमी झाल्या. असं मागेपुढे करून दोन्ही वेळा तेच दिसलं, तर संबंध बराचसा खरा मानता येतो. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या असत्या, तर काहीच कळलं नसतं.

या वहीला मर्यादाही आहेत. सारखं कान लावून आवाज मोजत बसलं तर आवाज वाढतो, म्हणून ठरलेल्या दोन वेळांशिवाय मोजायचं नाही आणि सात-आठ आठवड्यांनी वही मिटायची. नोंदीमुळेच बेचैनी वाढत असेल, तर ती आधीच थांबवावी.

काही लक्षणांत वही लिहीत थांबायचंच नाही. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, कारण त्याचे उपचार पहिल्या काही दिवसांतच जास्त उपयोगी पडतात. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल किंवा सोबत चक्कर येत असेल, तरी तपासणी करून घ्या. ॲस्पिरिन जास्त मात्रेत घेतल्यानं किंवा क्विनाइननंही कानात आवाज येतो. अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, पण त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि ज्यांची नोकरी अजून चालू आहे, त्यांनी इअरमफ कामावर वापरावेत, घरी नाही. कर्कश आवाजापासून कान वाचवायचाच असतो, पण घरात कान झाकून शांतता वाढवली तर कर्णनाद अधिकच जाणवतो.